एकच गिरणगाव, दोन लढे: एक जिंकला, दुसरा का हरला?

१९५५ ते १९६० या काळात परळ-लालबागचा गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरला. गोळीबार झाले, राज्यभरात शंभरहून अधिक माणसं मारली गेली, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ला, त्याच गिरणगावात ६०च्या आसपास गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. वर्षाहून जास्त काळ ते टिकून राहिले आणि तरीही त्यांच्या हाती काही लागलं नाही. हजारो कामगार गिरणीत कधीच परत गेले नाहीत.

वस्ती तीच. चाळी, गणेश मंडळं, व्यायामशाळा त्याच. कित्येक घरांत बाप पहिल्या लढ्यात होता आणि मुलगा दुसऱ्यात. मग एक लढा जिंकला आणि दुसरा का हरला?

पहिलं उत्तर नेत्यांवर येतं: तेव्हा अत्रे-डांगे-एसेम होते, नंतर सामंतांचा हट्ट होता. दुसरं उत्तर लोकांच्या मनावर येतं: तेव्हा अस्मितेचा प्रश्न होता, नंतर पगाराचा. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण १९८२चा कामगार कमी चिडलेला होता, असं कुणी म्हणू शकणार नाही. घरातली भांडी विकून, बायकोचे दागिने मोडून त्यानं संप चालवला. राग जास्त म्हणजे यश जास्त, असं गणित असतं तर तो जिंकायला हवा होता.

चळवळींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना हीच अडचण १९७०च्या दशकात जाणवली. तोवर मानलं जायचं, की अन्याय वाढतो, असंतोष साचतो आणि एक दिवस उद्रेक होतो. पण अन्याय तर बहुतेक सगळीकडे, बहुतेक सगळा काळ असतो. उद्रेक मात्र क्वचित होतो आणि यश त्याहून क्वचित येतं. कायम असलेल्या गोष्टीवरून अधूनमधून घडणारी गोष्ट कशी समजावणार? या प्रश्नातून दोन विचार पुढे आले. एक विचारतो की लढायला लागणारा माल आला कुठून. दुसरा विचारतो की समोरचं सरकार त्या वेळी किती अभेद्य होतं. पहिल्याला संसाधन-जुळवणीचा सिद्धांत म्हणतात, दुसऱ्याला राजकीय संधी-रचनेचा. नावं जड आहेत, पण गिरणगावच्या या दोन लढ्यांवर लावून पाहिली की सोपी होतात.

लढायला काय काय लागतं

संसाधन-जुळवणीच्या विचाराची सुरुवात एका अर्थशास्त्रज्ञाच्या शंकेतून झाली. मँकर ओल्सन यांनी १९६५मध्ये मांडलं, की संप यशस्वी झाला तर पगारवाढ सगळ्यांना मिळते, संपात न उतरलेल्यालाही. मग शहाण्या माणसानं लाठ्या का खाव्यात? घरी बसावं आणि फायदा घ्यावा. प्रत्येकानं असा हिशेब केला तर संप होणारच नाही. म्हणजे सगळ्यांचं हित एक आहे, एवढ्यानं सगळे एकत्र येत नाहीत. मध्ये काहीतरी लागतं, ज्यामुळे भाग घेण्याची किंमत कमी होते आणि न घेण्याची वाढते.

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये नीट मांडलं. पैसा, वेळ, माणसं, जागा, वर्तमानपत्रं, कायदा जाणणारे, आणि या सगळ्यांना एका दिशेनं लावणारी संघटना. त्यांच्या मते असंतोषापेक्षा या गोष्टींचा पुरवठा जास्त निर्णायक असतो. काहींना हे फार कोरडं वाटलं, जणू चळवळ म्हणजे कारखाना. मला त्यात उलट लढणाऱ्यांविषयीचा आदर दिसतो. लोक झपाटल्यासारखे रस्त्यावर येत नाहीत. कुणीतरी महिनोन् महिने वर्गणी गोळा केलेली असते, खोलीची चावी मिळवलेली असते, पत्रकं छापून घेतलेली असतात.

गिरणगावातलं एक संसाधन जवळून पाहू: खाणावळ. गिरण्यांत काम करणारे कितीतरी पुरुष बायकामुलं कोकणात किंवा घाटावर ठेवून एकटे राहत. एका खोलीत पाळीपाळीनं झोपत, आणि जेवण घेत वस्तीतल्या एखाद्या बाईच्या घरी. ती बाई स्वतः बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा असायची. दोन वेळचं जेवण, आणि पैसे पगार झाल्यावर. म्हणजे खाणावळ मुळातच उधारीवर चाले. संप झाला की ही उधारी आपोआप लांबायची. पगार नाही, पण ताट वाढलं जातंय. कुठल्याही युनियनच्या वहीत या बाईचं नाव नसलं, तरी प्रत्यक्षात संपाचा निधी तिच्याच स्वयंपाकघरात होता.

तिलाही मर्यादा होती. वाण्याकडे तिची स्वतःची उधारी असे. वाण्यानं हात आखडला की तिला सावकाराकडे जावं लागे, आणि त्याचं व्याज संपाशी बांधलेलं नसे. अशाच कर्जात बुडालेल्या खाणावळवाल्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कुठलाही संप किती दिवस टिकेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर मोर्च्यातली गर्दी मोजण्याऐवजी ही उधारीची साखळी कुठे तुटते ते शोधावं, असं माझं मत आहे. गर्दी पहिल्या दिवशी दिसते. साखळी तुटल्याचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतं.

समितीनं सगळं उसनं आणलं

आता संयुक्त महाराष्ट्र समितीकडे वळू. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात तिची स्थापना झाली. त्या दिवशी समितीकडे स्वतःचं असं काय होतं? जवळजवळ काहीच नाही. आणि तरीही काही महिन्यांत ती पश्चिम महाराष्ट्रातली सर्वांत मोठी राजकीय शक्ती झाली, कारण आधीच उभ्या असलेल्या संघटना तिच्यात येऊन मिळाल्या.

कम्युनिस्टांनी गिरणगाव आणलं: युनियनचे कार्यकर्ते, गेटसभा, एका हाकेवर काम बंद पाडण्याची ताकद. समाजवाद्यांनी सेवा दलात तयार झालेले शिस्तीचे तरुण आणले. शेतकरी कामगार पक्षानं कोल्हापूर, सातारा, कुलाब्याच्या खेड्यांत पाय रोवलेले पुढारी आणले. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं दलित वस्त्या आणल्या. आचार्य अत्र्यांनी वाणी आणि लेखणी आणली. नोव्हेंबर १९५६मध्ये त्यांचं 'मराठा' दैनिक सुरू झालं, म्हणजे चळवळीला रोज सकाळी घराघरात जाणारा आवाज मिळाला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांची कलापथकं तर आधीपासून कामगार वस्त्यांत फिरतच होती. वाचता न येणाऱ्याला हा प्रश्न वर्तमानपत्रातून कळला नाही, डफ-तुणतुण्यावर कळला.

अशी उसनी ताकद स्वस्तात मिळते. नवी शाखा उघडायला, विश्वास कमवायला वर्षं लागतात. इथे विश्वास आधीच होता. शेकापचा तालुक्याचा पुढारी म्हणाला की उद्या वाईला जायचंय, तर लोक निघत, कारण त्याला ते दहा वर्षं ओळखत होते. ओल्सन यांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. चाळीत, तालमीत, भावकीत जो ओळखीचा आहे त्याला घरी बसून राहणं सोपं नसतं. शेजारी विचारतो, तू का आला नाहीस?

याचा कस लागला ३० नोव्हेंबर १९५७ला. त्या दिवशी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला येणार होते. समितीनं निदर्शनं जाहीर केली. वाई आणि पसरणी घाटाच्या रस्त्यावर हजारोंच्या संख्येनं माणसं काळे झेंडे घेऊन उभी राहिली. घोषणा झाल्या, पण हिंसा झाली नाही. भावना इतक्या तापलेल्या, घाटाचा अरुंद रस्ता, समोरून जाणारा ज्याच्यावर राग आहे तोच माणूस, आणि तरी दगड पडला नाही. हे आपसूक होत नाही. कुठल्या गावानं कुठे उभं राहायचं हे ठरवावं लागतं, प्रत्येक तुकडीत ऐकतील असा माणूस असावा लागतो, ने-आण करायला गाड्या लागतात. शिस्त हेही संसाधन आहे आणि ते जमवायला पैशापेक्षा जास्त वेळ लागतो.

उसन्या ताकदीचा तोटा असा, की ती परत द्यावी लागते. कम्युनिस्ट आणि समाजवादी यांचं एकमेकांशी कधीच पटलं नव्हतं. एका मागणीपुरते ते जवळ आले होते. मागणी पुरी होत आली तशी समिती आतून उसवत गेली. १९६२च्या निवडणुकीत काँग्रेस मोठ्या बहुमतानं राज्यात आली. ज्यांनी राज्य मिळवलं त्यांना ते चालवायला मिळालं नाही.

१९८२मध्ये साधनं कमी होती का?

संसाधनांचा विचार एवढ्यावर थांबला असता तर १९८२चा पराभव म्हणजे साधनांचा तुटवडा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तसं दिसत नाही.

सामंतांकडे इंजिनिअरिंग आणि इतर कारखान्यांतल्या युनियन होत्या, तिथल्या कामगारांकडून मदत येत होती. कितीतरी संपकरी सरळ गावी निघून गेले. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. थोडी शेती होती, भाऊबंद होते, मुंबईच्या खोलीपेक्षा तिथे पोट भरणं स्वस्त होतं. गावाकडून धान्य गोळा होऊन शहरातही आलं. मालकाला वाटतं, महिनाभरात भुकेनं वाकतील. पण ज्याचा एक पाय गावात आहे तो सहजासहजी वाकत नाही. जगाच्या कामगार इतिहासात इतक्या मोठ्या संख्येनं आणि इतका काळ टिकलेले संप मोजकेच असतील.

म्हणजे संसाधनांनी संप इतका लांब कसा चालला हे कळतं. तो हरला का, हे कळत नाही. तिथे दुसरा विचार लागतो.

दार किती उघडं आहे

पीटर आइसिंजर या अमेरिकी अभ्यासकानं १९७३मध्ये अमेरिकेतल्या शहरांमधली निदर्शनं तपासली. त्याला वाटण्यासारखं होतं, की जिथे महापालिका सगळ्यांचं ऐकते तिथे आंदोलनं कमी आणि जिथे कुणाचंच ऐकत नाही तिथे जास्त असतील. पण चित्र वेगळं निघालं. अगदी उघड्या व्यवस्थेत आंदोलनाची गरज पडत नाही, अर्जावर काम होतं. अगदी बंद व्यवस्थेत लोक रस्त्यावर येतच नाहीत, कारण उपयोग नसतो आणि मार पडतो. सगळ्यात जास्त आंदोलनं मधल्या ठिकाणी होतात, जिथे दार किलकिलं आहे.

पुढे सिडनी टॅरो, डग मॅकॅडम यांनी हा किलकिलेपणा कुठे शोधायचा ते सांगितलं. सत्तेतल्या माणसांत फूट आहे का? निवडणुकीत मतं इकडची तिकडे होण्याची भीती सत्ताधाऱ्यांना आहे का? आत बसलेला कुणी वजनदार माणूस बाहेरच्यांच्या बाजूनं आहे का? निर्णयाच्या खोलीत शिरायला अधिकृत वाट आहे का? आणि सरकार किती मार द्यायला तयार आहे? हे सगळं चळवळीच्या बाहेर असतं. तिचं काहीही न बदलता या गोष्टी बदलू शकतात, आणि मग तीच ताकद दुप्पट किंवा निम्मी ठरते.

१९५५ ते ६०मध्ये हे दार कसं होतं ते पाहा. भाषावार प्रांतांचं तत्त्व काँग्रेसचं स्वतःचंच होतं. १९२०पासून तिच्या प्रांतिक समित्या भाषेनुसार होत्या. १९५३मध्ये आंध्र झालं होतं. म्हणजे समिती काही भलतंच मागत नव्हती, दिलेला शब्द पाळा म्हणत होती. त्यात राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, त्यामुळे देशभर नकाशे खुले झाले. आयोगानं १९५५मध्ये महाराष्ट्राला नकार दिला आणि गुजरातीसह द्वैभाषिक राज्य सुचवलं. नंतर मुंबई वेगळी ठेवण्याच्या योजना आल्या. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनपाशी मोर्च्यावर गोळीबार होऊन १५ जण मारले गेले. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, आणि शहर पुन्हा पेटलं.

पण याच वेळी सत्तेच्या आत तडे जात होते. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. यशवंतराव चव्हाणांनी फलटणला नेहरूंना संयुक्त महाराष्ट्रापेक्षा मोठं मानल्याचं जाहीर केलं, आणि त्यासाठी मराठी जनतेचा रोष ओढवून घेतला. एक मराठी नेता बाहेर पडला, दुसरा आत राहिला. संधी-रचनेच्या दृष्टीनं दोघांचाही उपयोग झाला, असं मला वाटतं. बाहेर पडलेल्यानं मागणीला वजन दिलं. आत राहिलेला पुढे ती मागणी दिल्लीला पटवून देणारा माणूस ठरला.

निर्णायक घाव मात्र मतपेटीतून बसला. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस अक्षरशः झोपली. पुण्यात काकासाहेब गाडगीळ नानासाहेब गोऱ्यांकडून हरले. मुंबईत डांगे निवडून आले, नाशकात दादासाहेब गायकवाड. खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कऱ्हाडमधून अगदी थोड्या मतांनी वाचले. मुंबई महापालिकाही समितीकडे गेली. १९५६च्या अखेरीस मुंबईसह मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यच झालं होतं. त्यात काँग्रेसचं बहुमत टिकलं, पण ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जोरावर. आणि गुजरातेतही इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ उभी होती. ज्या राज्याला टिकवायचं होतं ते दोन्ही बाजूंच्या लोकांना नको होतं. पुढची निवडणूक १९६२ला होती. १९५९मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, पक्षानं प्रश्न पुन्हा उघडला आणि वर्ष संपता संपता विभाजनाचा निर्णय झाला.

मोर्च्यांनी हे सगळं एकट्यानं घडवलं नाही. मोर्च्यांनी सत्ताधाऱ्यांना दाखवून दिलं की नकाराची किंमत जागांमध्ये मोजावी लागेल. आणि जागा मोजण्याचा दिवस कॅलेंडरवर ठरलेला होता.

मग १९८२मध्ये दार कुठे अडलं

संप सुरू झाला तो बोनसवरून, पण लवकरच तो एका कायद्याला जाऊन भिडला. १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याला सगळे बीआयआर म्हणत. या कायद्यानुसार एखाद्या भागातल्या एका उद्योगात एकच युनियन 'प्रातिनिधिक' ठरते, आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क फक्त तिला असतो. त्यासाठी २५ टक्के सभासदत्व पुरे. मुंबईच्या गिरण्यांत हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि हा संघ काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेशी जोडलेला होता. म्हणजे अडीच लाख कामगार सामंतांच्या मागे असले तरी कायद्याच्या दृष्टीनं सामंत कुणीच नव्हते. मालक हात वर करून म्हणू शकत होते की तुमच्याशी बोलायची आम्हाला परवानगीच नाही. निर्णयाच्या खोलीत शिरण्याची अधिकृत वाट एकच होती आणि तिची चावी प्रतिस्पर्ध्याकडे होती.

म्हणून सामंतांची मुख्य मागणी झाली, हा कायदा रद्द करा. इथे पेच पक्का बसला. पगारवाढ मालक देऊ शकतो. कायदा फक्त सरकार बदलू शकतं. आणि हा कायदा बदलणं म्हणजे काँग्रेसनं मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या उद्योगातली स्वतःची युनियन स्वतःच्या हातानं संपवणं.

सरकारवर तसा दबाव होता का? १९८०च्या निवडणुकांत काँग्रेस केंद्रात आणि राज्यातही स्पष्ट बहुमतानं आली होती. पुढची निवडणूक लांब होती. अंतर्गत कुरबुरी खूप होत्या. संप सुरू झाला त्याच आठवड्यात अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, वर्षभरात तेही जाऊन वसंतदादा पाटील आले. वरवर पाहता ही सत्ताधाऱ्यांतली फूट, म्हणजे संधी. पण चव्हाणांना १९५७नंतर दिल्लीला सांगता येत होतं की माझ्याखालची जमीन सरकतेय. १९८२चा मुख्यमंत्री दिल्लीच्या मर्जीनं येत होता आणि दिल्लीच्या मर्जीनं जात होता. त्याच्या मतदारसंघातल्या अस्वस्थतेला वर जायला वाटच उरली नव्हती. फूट होती, पण तिच्यातून बाहेरच्याला आत शिरता येईल अशी नव्हती. सिद्धांत वापरताना हा फरक फार जण विसरतात. नुसतं भांडण पुरत नाही. भांडणाऱ्यांपैकी एकाला तरी बाहेरच्या लोकांची गरज भासली पाहिजे.

मित्रपक्षांचंही तसंच. १९५६मध्ये सगळे एका समितीत होते. १९८२मध्ये डाव्यांची, शिवसेनेची गिरणगावात आपापली युनियन होती आणि सामंत त्यांच्यासाठी आधी स्पर्धक होते. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं तेव्हा क्षणभर वाटलं असेल की सरकारचा हात लुळा पडला. पण लष्कर बोलावलं गेलं, पोलिसांचं बंड मोडलं. त्यानंतर सरकारला आपण वाकलो तर आणखी कोण उठेल याचीच चिंता जास्त असणार.

सिद्धांत जिथे अपुरा पडतो

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. संधी-रचना मुख्यतः सरकारकडे बघते, आणि संपात समोर मालकही असतो. संपकऱ्याचं शस्त्र म्हणजे उत्पादन बंद पाडणं. ते तेव्हाच चालतं जेव्हा बंद उत्पादनामुळे मालकाचं नुकसान होतं. १९८२मध्ये कितीतरी गिरण्यांची यंत्रं जुनाट होती, मागणी मंदावलेली होती, गोदामांत माल पडून होता आणि भिवंडीसारख्या ठिकाणचे यंत्रमाग कापड विणत होते. काही मालकांना गिरणी बंद राहण्यात तोटा नव्हता, आणि गिरणीखालची जमीन तर दरवर्षी महाग होत होती. राजकीय संधीच्या चौकटीत हे बसत नाही, पण ते वगळून १९८२ समजत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. दार उघडं होतं की बंद, हे निकाल लागल्यावर सांगणं सोपं असतं. चळवळ जिंकली म्हणजे संधी होती, हरली म्हणजे नव्हती, असं म्हटलं तर सिद्धांत कधीच चुकणार नाही आणि म्हणून काही सांगणारही नाही. ही पळवाट टाळायची असेल तर निकाल बाजूला ठेवून त्या वेळी उपलब्ध असलेल्या गोष्टी तपासाव्या लागतात: पुढची निवडणूक कधी, सत्ताधाऱ्याचं बहुमत कुठून आलंय, बोलणीचा कायदा काय म्हणतो. या तिन्ही गोष्टी १८ जानेवारी १९८२ला संध्याकाळीही कुणाला पाहता आल्या असत्या.

मग कामगारांनी त्या का पाहिल्या नाहीत? कारण त्यांच्यासमोर दुसरा पुरावा होता. सामंतांनी इतर कारखान्यांत, कायद्याची फारशी पर्वा न करता, मालकांना घसघशीत वाढ द्यायला लावली होती. ऑक्टोबर १९८१मध्ये स्टँडर्ड मिलचे कामगार त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेले ते हे पाहूनच. त्यांचा अंदाज अडाणीपणाचा नव्हता. पण ते कारखाने नव्या, नफ्यातल्या उद्योगांत होते आणि तिथे बीआयआरसारखी भिंत नव्हती. एका दारावर चाललेली युक्ती दुसऱ्या दारावर लागू झाली नाही. संधी खरोखर असणं आणि ती असल्याचं वाटणं, या दोन गोष्टी चळवळीत बऱ्याचदा वेगळ्या चालतात. आणि माणूस रस्त्यावर उतरतो तो वाटण्यावर.

उलटही होतं. १९५६च्या सुरुवातीला कुणी हिशेब केला असता तर संयुक्त महाराष्ट्राची संधी फारशी दिसली नसती. नेहरू लोकप्रियतेच्या शिखरावर, काँग्रेस अजिंक्य, गोळीबार ताजा. १९५७चा निकाल ही बाहेरून मिळालेली संधी नव्हती. ती समितीनं गावोगाव फिरून तयार केली होती. म्हणजे संधी-रचना हवामानासारखी वरून येत नाही, पुरेशी संसाधनं आणि मोजणीचा ठरलेला दिवस असेल तर ती काही प्रमाणात घडवता येते.

१९८२च्या कामगारांना असा दिवस मिळाला तो फार उशिरा. डिसेंबर १९८४मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेस देशभर विक्रमी जागा जिंकत असताना, दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. गिरणगावाची ताकद संपलेली नव्हती, हे त्या निकालात स्पष्ट दिसतं. पण तेव्हा बरेच कामगार गिरणीबाहेर फेकले गेले होते, काही गावीच स्थिरावले होते, १९८३मध्ये सरकारनं १३ गिरण्या ताब्यात घेतल्या होत्या, आणि लोकसभेतला एक विरोधी खासदार राज्याचा कायदा बदलू शकत नव्हता. सामंतांनी संप कधी अधिकृतपणे मागे घेतला नाही आणि बीआयआर कायदाही जागचा हलला नाही.